सेशनचा भाव आणि बुडिताची जोखीम

क्रिकेटच्या सट्ट्यात सामना कोण जिंकणार या प्रश्नावर लागणारा पैसा हा व्यवहाराचा केवळ एक भाग असून, भारतातील अनौपचारिक बाजारात त्याच्या जोडीने चालणारा सेशन आणि फॅन्सी यांचा धंदा हाच बुकीच्या रोजच्या उलाढालीचा कणा ठरला आहे. सेशन म्हणजे ठरावीक षटके संपेपर्यंत संघाच्या किती धावा होतील यावरचा सौदा. वीस षटकांच्या सामन्यात तो बहुधा सहा, दहा, पंधरा आणि वीस षटकांच्या टप्प्यांवर लागतो. पुढचा गडी किती धावांवर बाद होईल, अमुक फलंदाज किती धावा करील, डावात किती चौकार लागतील अशा फुटकळ प्रश्नांवरच्या सौद्यांना फॅन्सी म्हणतात. या दोन्ही प्रकारांत निकाल काही मिनिटांत लागतो, एकाच सामन्यात डझनावारी सौदे करता येतात आणि सामन्याचा कौल कुणीकडेही झुकला असला तरी बाजार थंड पडत नाही.

या सौद्यांविषयी मराठीत जे लिहिले जाते ते बहुतेक पोलिसांच्या छाप्यांच्या बातम्यांपुरते किंवा व्यसनाच्या दुष्परिणामांपुरते असते. सौद्याची किंमत कशी ठरते आणि ती किंमत परवानाधारक सट्टापेढीच्या किमतीच्या तुलनेत कशी दिसते, हा मुळातला प्रश्न त्यात क्वचितच विचारला जातो. तो विचारला की एक अडचणीचे उत्तर समोर येते. कागदावर पाहता अनौपचारिक बुकीचा भाव अनेकदा परवानाधारक पेढीपेक्षा स्वस्त असतो. त्यामुळे खेळणारा तिकडे वळतो यात त्याचा निव्वळ अडाणीपणा नसतो. परंतु भावात वाचलेला पैसा तो दुसऱ्या एका वाटेने परत मोजत असतो, आणि ती वाट म्हणजे जिंकलेली रक्कम प्रत्यक्ष हाती न पडण्याची जोखीम.

सेशनचा भाव दोन आकड्यांत सांगितला जातो. सहा षटकांचे सेशन ‘46-47’ आहे असे बुकीने सांगितले, तर 47 वर ‘यस’ म्हणणारा 47 किंवा अधिक धावा झाल्यास जिंकतो, आणि 46 वर ‘नो’ म्हणणारा 45 किंवा कमी धावा झाल्यासच जिंकतो. कारण ‘नो’चा अर्थ 46 धावाही होणार नाहीत असा धरला जातो. दोन्हीकडे रुपयाला रुपया मिळतो. वरवर पाहता यात बुकीचा काहीच नफा दिसत नाही, पण धावा नेमक्या 46 झाल्या तर ‘यस’वालाही हरतो आणि ‘नो’वालाही हरतो. सेशनमधील बुकीची सारी कमाई या एका धावेच्या फटीत बसवलेली असते.

ही फट किती रुंद आहे हे मोजता येते. पॉवरप्लेच्या, म्हणजे पहिल्या सहा षटकांच्या धावा साधारणतः तिशीपासून सत्तरीपर्यंतच्या पट्ट्यात विखुरलेल्या असल्यामुळे, त्या पट्ट्याच्या मध्यावरचा कोणताही एक आकडा नेमका पडण्याची शक्यता तीसात एक इतकी धरणे अवाजवी ठरत नाही. एका पंटरने, म्हणजे सौदा लावणाऱ्याने, ‘यस’वर 10,000 रुपये लावले आणि दुसऱ्याने ‘नो’वर तेवढेच लावले, तर तीसपैकी एकोणतीस वेळा बुकी एकाकडून घेऊन दुसऱ्याला देतो आणि तिसाव्या वेळी दोघांचे मिळून 20,000 रुपये स्वतःकडे ठेवतो. सरासरीने त्याला दर वेळी सुमारे 667 रुपये सुटतात, म्हणजे एकूण लावलेल्या रकमेच्या साडेतीन टक्क्यांहूनही थोडे कमी.

आता हाच सौदा ब्रिटनमधील एखाद्या परवानाधारक पेढीवर कसा मांडला जातो ते पाहावे. तिथे रेषा साडेसेहेचाळीसवर आखली जाते, म्हणजे बरोबरीचा प्रश्नच उरत नाही, आणि दोन्ही बाजूंना समजा 1.87 असा भाव दिला जातो. त्याचा अर्थ 100 रुपये लावून जिंकल्यास मुद्दलासह 187 रुपये परत मिळतात. दोन्ही बाजूंना 10,000 लागले तर पेढी 20,000 घेते, 18,700 देते आणि निकाल काहीही लागला तरी 1,300 रुपये, म्हणजे साडेसहा टक्के, ठेवून घेते. या उदाहरणापुरते बोलायचे तर अनौपचारिक बुकी जवळजवळ निम्म्या दराने माल विकतो. हा फरक समजण्यासारखा आहे, कारण परवान्याचे शुल्क, उत्पन्नावरील कर, ग्राहकाची ओळख तपासणारे कर्मचारी आणि लेखापरीक्षण यांतले काहीही त्याच्या हिशेबात येत नाही. महालक्ष्मी आणि पुणे येथील शर्यतींच्या मैदानांवर 1912 च्या मुंबई रेसकोर्स परवाना कायद्याखाली बसणारे अधिकृत बुकी आणि मैदानाबाहेर तोंडी सौदे घेणारे बुकी यांच्या भावांतही हेच अंतर जुन्या काळापासून आहे. अधिकृत सौद्यावर पूर्ण रकमेच्या 28 टक्के आणि सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के वस्तू व सेवा कर लागत असताना बाहेरचा बुकी तो भार उचलतच नाही.

मात्र ही स्वस्ताई सर्वत्र सारखी नसते, आणि नेमकी जिथे ती संपते तिथेच उलाढाल वाढते. सहा षटकांपैकी पाच संपली आणि सेशनचे एकच षटक उरले, की संभाव्य धावांचा पट्टा आकसतो आणि मधल्या एखाद्या आकड्याची शक्यता आठ-दहा टक्क्यांपर्यंत चढते. एका धावेची फट तीच राहते, पण तिची किंमत अडीच-तीन पट होते. शेवटच्या चेंडूंपर्यंत भाव चालू ठेवणारा बुकी कधी दोन्हीकडे एकच आकडा ठेवून ‘यस’ला 100 वर 90 देतो आणि ‘नो’वाल्याकडून 100 जिंकण्यासाठी 110 पणाला लावून घेतो, तर कधी फट दोन धावांची करतो. परवानाधारक पेढीही शेवटच्या टप्प्यात भाव आवळते, परंतु तिथे भाव दशांशात लिहिलेला असल्याने आवळणी नजरेस पडते. सेशनमध्ये मात्र फट ठेवलेली असते तेव्हा पंटरला रुपयाला रुपयाच दिसत राहतो.

परवानाधारक पेढी म्हणजे काय, हे भारतातील वाचकासाठी स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण क्रिकेटसाठी अशी पेढी भारतात कुठेच नाही. ब्रिटनमध्ये 2005 च्या जुगार कायद्याने स्थापन झालेला गॅम्बलिंग कमिशन हा नियामक पेढ्यांना परवाने देतो. ग्राहकाचे जमा पैसे पेढीच्या चालू खर्चापासून वेगळे ठेवले आहेत का आणि पेढी बुडाल्यास त्यांना किती संरक्षण आहे, हे प्राथमिक, मध्यम किंवा उच्च अशा श्रेणीने ग्राहकाला सांगणे तिथे बंधनकारक असते. पाऊस पडून षटके कमी झाली तर सेशनचा सौदा रद्द होणार की नाही, भाव चुकीचा टाकला गेला तर काय, याचे नियम सौद्याच्या आधी छापलेले असतात आणि त्यावर वाद झाला तर तो पेढीबाहेरच्या लवादाकडे नेता येतो; आयबास या नावाने ओळखली जाणारी अशी एक संस्था 1998 पासून हे काम करते. याहून महत्त्वाची तरतूद 1 सप्टेंबर 2007 पासून लागू झाली. पैजेचा करार केवळ पैजेचा आहे म्हणून न्यायालयात अग्राह्य ठरणार नाही असे त्या दिवसापासून ठरले, आणि जिंकलेली रक्कम हे वसूल करता येण्याजोगे कायदेशीर देणे बनले.

या व्यवस्थेला मर्यादा आहेत आणि त्या झाकून तुलना करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. प्राथमिक श्रेणीच्या पेढीचे दिवाळे निघाले तर ग्राहकाचे पैसे इतर धनकोंच्या दाव्यांसोबत वाटणीला जातात. सातत्याने जिंकणाऱ्या ग्राहकाची सौद्याची कमाल मर्यादा काही पौंडांवर आणण्याचा अधिकार पेढ्या सर्रास वापरतात. आणि पैसे काढताना अचानक उत्पन्नाचे पुरावे मागितल्याने आठवड्यांचा विलंब होतो अशी तक्रार तिथेही कायम आहे. फरक एवढाच की त्या तक्रारीला ऐकणारा कुणीतरी असतो, ग्राहकाच्या हाती सौद्याची नोंद असते आणि पेढीला गमावण्यासारखा परवाना असतो.

भारतातील कायद्याचा प्रवास उलट दिशेचा आहे. पैजेचा करार निरर्थक ठरवणारा इंग्लंडचा 1845 चा कायदा, त्यावर बेतलेला हिंदुस्थानातील 1848 चा कायदा आणि त्यातून आलेले 1872 च्या भारतीय करार कायद्याचे तिसावे कलम ही एकच परंपरा. ब्रिटनने ती 2007 मध्ये मोडली, भारतात ती टिकून आहे. तिसाव्या कलमानुसार पैजेत जिंकलेले पैसे मिळवण्यासाठी दावा लावता येत नाही. घेरुलाल पारख विरुद्ध महादेवदास मैया या 1959 च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने असा करार निरर्थक असला तरी त्याच्याशी संलग्न व्यवहार आपोआप बेकायदेशीर होत नाही असे म्हटले, पण जुन्या मुंबई इलाख्यापुरता 1865 चा वेगळा कायदा असल्याचेही त्यात नमूद आहे, ज्याने संलग्न करारही निरर्थक ठरवले होते. महाराष्ट्रातील वाचकासाठी ही बाब दूरची नाही: सट्ट्याची रक्कम चुकवण्यासाठी मित्राने समजून-उमजून दिलेले कर्ज आणि एजंटाची दलाली हीसुद्धा त्या कायद्याच्या कक्षेत येतात. शिवाय 1887 चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा डोक्यावर असल्याने तक्रार करायला जाणारा स्वतःच्या गुन्ह्याची माहिती घेऊन जातो.

अशा स्थितीत पैसा फिरण्याच्या दोन पद्धती रूढ झाल्या, आणि दोहोंत जोखीम वेगवेगळ्या माणसाच्या पदरात पडते. जुनी पद्धत उधारीची. एजंट ओळखीच्या पंटरला मर्यादा ठरवून देतो, सौदे तोंडी किंवा फोनवर होतात, आणि आठवड्याच्या शेवटी सगळी हारजीत वजा करून उरलेल्या रकमेचे वलण, म्हणजे हिशेबाची देवघेव, बहुधा सोमवारी रोखीने किंवा अंगडियामार्फत होते. इथे पैसा आधी बुकीचा अडकतो आणि पंटराच्या बुडिताला एजंट वरच्या बुकीकडे जामीन राहतो. न्यायालयाचे दार बंद असल्याने वसुली धाकावर, सामाजिक अब्रूवर आणि कोऱ्या धनादेशांवर चालते. धनादेशाची ही बाब विशेष लक्ष देण्याजोगी आहे. न वटलेल्या धनादेशाचा खटला, परक्राम्य संलेख कायद्याच्या 138 व्या कलमाखाली, केवळ कायद्याने वसूल होऊ शकणाऱ्या देण्यासाठीच टिकतो. सट्ट्याचे देणे तसे नसते. परंतु धनादेश देण्यापोटीच दिला असे न्यायालय आधी गृहीत धरते आणि तो सट्ट्यासाठी होता हे दाखवण्याचा भार सही करणाऱ्यावर येतो. तोंडी झालेल्या सौद्यांची कोणतीच नोंद नसताना हा भार पेलणे फार कठीण जाते, आणि हे ठाऊक असल्यामुळेच एजंट कोरे धनादेश घेऊन ठेवतात.

नवी पद्धत आयडीची. संकेतस्थळाचे पॅनल भाड्याने घेणारा वरचा मालक, त्याखाली मास्टर, त्याखाली एजंट आणि सर्वांत तळाला ग्राहक अशी उतरंड असते, आणि प्रत्येक पातळीवरचा माणूस खालच्याच्या खात्यात पॉइंट टाकू किंवा काढू शकतो. एक पॉइंट म्हणजे एक रुपया असे धरतात, पण पडद्यावरच्या पॉइंटांमागे कुठल्याही बँकेत वेगळी ठेवलेली रक्कम नसते. ग्राहक व्हॉट्सॲपवर आलेल्या खात्यात यूपीआयने पैसे भरतो, स्क्रीनशॉट पाठवतो आणि पॉइंट मिळवतो. पैसा आता आधी ग्राहकाचा अडकतो. जोखीम पूर्णपणे उलटली. सुरुवातीच्या लहान रकमा काही मिनिटांत परत मिळतात, आणि त्यावरूनच विश्वास बसतो. मोठी जीत झाली की भाव चुकीचा पडला होता, चित्रवाणीच्या आधी निकाल कळलेल्या टोळीचे सौदे होते, असे सांगून सौदे पुसले जातात किंवा आयडी बंद होतो. काढण्याआधी ‘कर’ म्हणून वेगळी रक्कम भरायला सांगितली, तर ती निश्चित लबाडी समजावी, कारण खरा कर देय रकमेतूनच कापला जातो, तो वरून भरून घेतला जात नाही.

वर काढलेल्या फरकाची या जोखमीशी सांगड घालता येते. त्याच उदाहरणातला पंटर 10,000 रुपयांचे शंभर सौदे करील, तर परवानाधारक पेढीवर त्याचे सरासरी 65,000 रुपये जातील आणि सेशनमध्ये सुमारे 33,000. म्हणजे स्वस्त भावाने त्याचे सुमारे 32,000 वाचतील. या शंभर सौद्यांत त्याने जिंकलेली एकूण रक्कम 4,83,000 च्या घरात असते. त्यातल्या दर पंधरा रुपयांमागे एक रुपया जरी बुडाला, तरी ही सारी बचत संपते. मोठ्या जितीवर आयडी बंद होण्याची एकच घटना हे प्रमाण सहज ओलांडते.

बुडण्याहून गंभीर प्रकार मिळालेल्या पैशाचा आहे, आणि तो समजण्यासाठी भरणा ज्या खात्यांत होतो ती खाती पाहावी लागतात. ती बुकीच्या नावावर नसतात. विद्यार्थी, मजूर, छोटे दुकानदार यांच्याकडून पासबुक, एटीएम कार्ड आणि सिमकार्डासह विकत किंवा भाड्याने घेतलेल्या या खात्यांना पोलीस आणि बँका म्युल खाती म्हणतात. प्रत्येक भरण्याला वेगळे नाव, काही मिनिटांपुरताच चालणारा यूपीआय पत्ता आणि सट्ट्याशी संबंध न सांगणारे दुकानाचे नाव ही त्यांची खूण. याच खात्यांतून सायबर फसवणुकीचे पैसेही फिरवले जातात, आणि जिंकलेल्या ग्राहकाला पैसे देताना ते कुठून आले हे त्याला कळण्याचा मार्ग नसतो.

समजा, सांगलीतल्या एका पंटरला सेशनमध्ये जिंकलेले 40,000 रुपये यूपीआयने मिळाले, आणि ते ज्या खात्यातून आले त्यात दोन दिवसांपूर्वी दुसऱ्या राज्यातल्या एका वृद्धाकडून फसवून घेतलेली रक्कम जमा झाली होती. वृद्धाने 1930 या मदत क्रमांकावर तक्रार केली की व्यवहार क्रमांकांवरून पैशाचा माग काढला जातो. पहिले खाते, तिथून दुसरे, तिसरे असे एकेक थर उलगडत तो सांगलीपर्यंत पोचतो. त्या राज्यातील पोलीस ठाण्याच्या सूचनेवरून बँक पंटराचे खाते रोखते. हा अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 106 व्या कलमातून येतो. रोखणूक वादग्रस्त रकमेपुरती असावी असे केरळ उच्च न्यायालयाने 2023 मध्ये म्हटले असले, तरी पूर्ण खाते बंद पडून त्यातला पगार, घराचा हप्ता आणि किराणा अडकल्याची उदाहरणे सर्वत्र आढळतात. सुटकेसाठी त्या दूरच्या ठाण्याला ही रक्कम कशापोटी मिळाली हे सांगावे लागते. पंटराकडे बिल नसते, करार नसतो, देणाऱ्याचे खरे नाव नसते. असतात ते व्हॉट्सॲपवरचे संदेश, आणि ते दाखवणे म्हणजे सट्टा खेळल्याची कबुली देणे. जुन्या रोखीच्या वलणात हा धोका नव्हता. आयडीच्या पद्धतीने सौदा सोपा केला, पण पंटराचे रोजचे बँक खातेच त्या साखळीची एक कडी बनवले.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयीचा जो कायदा मंजूर केला, त्याने पैसे लावून खेळले जाणारे सर्व ऑनलाइन खेळ, ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंद केले, आणि त्यांचे व्यवहार पार पाडणाऱ्या बँका व पेमेंट संस्थांसाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटी रुपयांपर्यंत दंड ठेवला. खेळणाऱ्याला मात्र या कायद्याने शिक्षा ठेवलेली नाही. त्याआधीच नोव्हेंबर 2023 मध्ये अंमलबजावणी संचालनालयाच्या विनंतीवरून महादेव बुकसह 22 ॲप आणि संकेतस्थळे रोखण्यात आली होती. या उपायांचा हेतू स्पष्ट आहे आणि उघड जाहिरातबाजीला त्यांनी आळाही घातला. परंतु बँका आणि पेमेंट संस्था या धंद्यातून जितक्या काटेकोरपणे बाहेर पडतात, तितका उरलेला धंदा म्युल खात्यांवर, अंगडियांवर आणि डॉलरशी जोडलेल्या कूटचलनावर विसंबतो, आणि भाव तोच राहिला तरी पंटराच्या माथी बसणारी देवघेवीची जोखीम वाढत जाते. क्युरासाओ किंवा तत्सम बेटावरच्या परवान्याची मुद्रा दाखवणाऱ्या संकेतस्थळांनी ती कमी होत नाही, कारण भारतातील ग्राहक त्या परवान्याशी नव्हे, तर व्हॉट्सॲपवरच्या एजंटाशी व्यवहार करत असतो, आणि त्याच्या पैशाची नोंद त्या बेटावरील कोणत्याही वहीत नसते.